जीएसएमचे औंस करताना ३४ लक्षात ठेवा

डेनिमवाला कापडाचं वजन औंसात बोलतो आणि मिलच्या चिठ्ठीवर असतं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅम. अशा वेळी जीएसएमला ३४ ने भागायचं, की चौरस यार्डाचे औंस मिळतात. नेमका आकडा ३३.९ आहे, पण दुकानात उभं राहून ३४ पुरतो. ४०७ जीएसएमची डेनिम म्हणजे १२ औंस, आणि १८० जीएसएमचं टी-शर्टचं होजिअरी कापड साधारण ५.३ औंस. उलट जायचं तर ३४ ने गुणा.

खरी फसगत वेगळीच असते. काही व्यापारी औंस सांगतात ते चौरस यार्डाचे नव्हे, तर पूर्ण पन्ह्याच्या एक यार्ड लांब तुकड्याचे. ६० इंच पन्ह्याचं कापड त्या हिशेबानं '१० औंस' असेल, तर आधी १० ला ३६ ने गुणून ६० ने भागा. उत्तर येतं ६ औंस, म्हणजे जेमतेम २०३ जीएसएम. तुम्ही मात्र ३४० चं जाड कापड येईल म्हणून बसलेले!

शंका आली तर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम भरतील त्याच्या शंभरपट जीएसएम. काठाजवळचा तुकडा घेऊ नका, तिथली वीण दाट असते.