पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर वादप्रश्न काढताना या चुका टाळा

मुंबईतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत पहिल्या महायुद्धाचे प्रकरण संपले की वर्गात वादविवाद घेण्याची पद्धत आहे, आणि फळ्यावर बहुधा एकच प्रश्न लिहिला जातो : ‘पहिल्या महायुद्धाला जबाबदार कोण?’ पहिली चूक इथेच होते. या प्रश्नावर एक गट जर्मनीचे नाव घेतो, दुसरा ऑस्ट्रियाचे, तिसरा ‘सगळेच जबाबदार’ म्हणून मोकळा होतो, आणि पुरावा न तपासताच तासिका संपते. प्रश्नात देश असला की मुले त्या देशाची वकिली करू लागतात. म्हणून प्रश्नात देशाऐवजी एखादा निर्णय आणि त्याची तारीख असावी.

उदाहरणार्थ, ‘30 जुलै 1914 रोजी रशियाने सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा आदेश दिला नसता, तर युद्ध सर्बियापुरते मर्यादित राहिले असते का?’ हा प्रश्न घ्या. ‘होय’ म्हणणारा गट दाखवून देऊ शकतो की, असाच आदेश झारने आदल्या दिवशी जर्मन सम्राट कैसरची तार आल्यावर मागे घेतला होता, म्हणजे माघारीची वाट अजून खुली होती. जर्मनीचा निर्वाणीचा खलिता 31 जुलैला, रशियाच्या आदेशानंतर निघाला. ‘नाही’ म्हणणारा गट 5 जुलैकडे बोट दाखवील, कारण त्या दिवशी कैसरने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले, 28 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि 29 जुलैला बेलग्रेडवर तोफा डागल्या जात होत्या. शिवाय रशियाचे सैन्य जमल्यानंतरही सरहद्दीवर थांबू शकत होते; जर्मनीच्या योजनेत मात्र जमवाजमव आणि बेल्जियममार्गे फ्रान्सवर चढाई या गोष्टी एकमेकींना जोडलेल्याच होत्या. दोन्ही बाजू त्याच आठवड्याच्या घटना मांडतात, फक्त निर्णायक क्षण वेगळा धरतात.

दुसरी चूक उत्तरात दिसते, पण तिचे मूळ प्रश्नात असते. ‘गटबाजीमुळे युद्ध अटळ झाले का?’ असे विचारले की मुले त्रिराष्ट्र करार आणि त्रिराष्ट्र मैत्री यांची नावे सांगून ‘होय’ म्हणतात. इटली 1882 पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या गोटात होती, तरी 1914 मध्ये ती तटस्थ राहिली आणि 1915 मध्ये विरुद्ध बाजूने युद्धात उतरली. तह आपोआप युद्धात ओढत असते, तर हे घडले नसते. प्रश्नातच ‘इटलीचे उदाहरण लक्षात घेऊन’ एवढे शब्द घातले, तरी पाठ केलेले उत्तर अपुरे पडते.

सर्वांत जास्त फसवणारी चूक पुराव्याच्या तारखेची आहे. जर्मनीने जागतिक सत्ता होण्याच्या हेतूने युद्ध ओढवून घेतले, असे मांडणाऱ्या फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने 1961 मध्ये ‘सप्टेंबर कार्यक्रम’ नावाचा दस्तऐवज पुढे आणला. त्यात बेल्जियमला मांडलिक करणे, फ्रान्सचे लोहखनिजाचे क्षेत्र घेणे आणि मध्य युरोपचा आर्थिक संघ उभारणे अशी उद्दिष्टे आहेत. हा उतारा वाचून दाखवला की जर्मनीविरोधी गटाला जिंकल्यासारखे वाटते. पण त्यावरची तारीख 9 सप्टेंबर 1914 आहे, म्हणजे युद्ध सुरू होऊन महिना उलटला होता. युद्धात पडल्यावर काय मिळवायचे, हे या दस्तऐवजावरून कळते. युद्ध का पुकारले, हे त्यावरून थेट सिद्ध होत नाही, आणि हाच आक्षेप फिशरच्या टीकाकारांनी घेतला.

मग फिशरची बाजू कोसळली का? नाही. त्याने पुढे कैसरने 8 डिसेंबर 1912 रोजी घेतलेल्या बैठकीचा आधार घेतला. तिथे सेनाप्रमुख मोल्टके युद्ध ‘जितके लवकर तितके बरे’ अशा अर्थाचे बोलला होता. त्यावरही उत्तर आहे : त्या बैठकीला चान्सलर बेथमान हॉल्वेग हजर नव्हता. म्हणून या गटासाठी प्रश्न असा ठेवावा : ‘जुलै 1914 मधील जर्मनीचा हेतू ठरवताना आधीचे आणि नंतरचे दस्तऐवज कितपत ग्राह्य धरावेत?’ तासिका पस्तीस मिनिटांची असेल, तर हा एकच प्रश्न पुरतो. दुसरा घेऊ नये.

मुंबईच्या वर्गात आणखी एक वळण हमखास येते. या बंदरातून भारतीय फौजा रवाना झाल्या, म्हणून मुले वसाहतींचा मुद्दा काढतात आणि भारतीय सैनिकांवर बोलू लागतात. तो परिणामांचा भाग झाला. कारणांत वसाहती आणायच्या असतील, तर विचारा : वसाहतींची स्पर्धा हेच मूळ कारण असते, तर आशियात आणि आफ्रिकेत एकमेकांशी झगडणारे ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया 1904 व 1907 चे समझोते करून 1914 मध्ये एकाच बाजूला कसे उभे राहिले?