लांबलेला आभाराचा निरोप तीन वाक्यांत आणण्यापूर्वीची तयारी

कात्री लावण्याआधी मूळ निरोपाची एक प्रत बाजूला जपून ठेवावी, कारण पुढे नेमका एखादा तपशील परत आणावा लागतो. मग तो निरोप एकदा मोठ्याने वाचावा आणि ज्या वाक्याशी आवाज आपोआप हळू होतो त्याखाली रेघ मारावी. हे वाक्य बहुधा शेवटाकडे सापडते, कारण लिहिणारा आधी बराच वेळ प्रस्तावनेतच घुटमळत असतो.

उदाहरणार्थ, आई रुग्णालयात असताना आपले काम सांभाळणाऱ्या सहकारी ताईंना लिहिलेला एक निरोप घेऊ. त्यात उशिरा लिहिल्याबद्दल क्षमा होती, ‘शब्द अपुरे आहेत’ होते, ताईंच्या मनमिळाऊ, प्रेमळ आणि कर्तव्यदक्ष स्वभावाचे वर्णन होते, आजारपणाची हकिकत होती, आणि अगदी अखेरीस, जाता जाता, त्या रोज संध्याकाळी काय कळवत असत ते होते. रेघ तिथेच पडली.

आता क्षमा आणि ‘शब्द अपुरे’ सरळ काढावेत. आजारपणाच्या हकिकतीतून मदतीचे वजन कळण्यापुरतेच ठेवावे. इथे ‘११ दिवस’ एवढे पुरले. विशेषणे काढताना मात्र थांबावे आणि प्रत्येकाला विचारावे की हे कोणत्या कृतीवरून सुचले. कृती सापडली तर ती ठेवावी, न सापडली तर विशेषणही जाऊ द्यावे. उरलेल्यातून पहिले वाक्य त्यांनी काय केले याचे, दुसरे त्यामुळे आपल्याला काय करता आले याचे आणि तिसरे आजही मनात काय उरले आहे याचे करावे:

‘ताई, आई रुग्णालयात होती त्या ११ दिवसांत तुम्ही माझे काम सांभाळलेत आणि रोज संध्याकाळी “आजचे सगळे झाले, आता फोन बाजूला ठेवा” असे कळवलेत. त्या एका ओळीमुळे मी रात्री आईजवळ निवांत बसू शकले. ती ओळ मी अजून पुसलेली नाही.’

यात ‘आभार’ हा शब्द नाही, आणि माझ्या मते तो इथे लागतही नाही. ज्यांच्याशी नाते औपचारिक आहे त्यांना लिहिताना तो पहिल्या वाक्यात घालावा.

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. संबोधन बदलून हाच मजकूर दुसऱ्या कोणाला पाठवता येत असेल, तर काटछाट जास्त झाली आहे आणि निरोप पोचपावतीसारखा कोरडा पडला आहे. अशा वेळी विशेषण परत न आणता मूळ प्रतीतून एखादी वेळ, वस्तू किंवा त्यांच्या तोंडचे शब्द परत आणावेत. उलट, ‘आणि’, ‘तसेच’, ‘शिवाय’ यांनी सांधून पाच वाक्यांची तीन केली असतील, तर वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागतो, आणि तिथेच तोडून कमी महत्त्वाचा भाग सोडून द्यावा. निरोपात एखादी विनंती शिरली असेल तर ती स्वतंत्रपणे, दुसऱ्या दिवशी पाठवावी.