बंद भिंतीमागची आग: कोळसा खाणीतला हवेचा नमुना वाचायला शिकताना

पुण्यात जिऑलॉजी शिकलेल्या माणसाला कोळशाचा थर प्रत्यक्ष पाहायला मिळणं अवघडच. पर्वतीपासून सिंहगडापर्यंत कुठंही जा, पायाखाली बेसॉल्ट. एमएस्सी होईपर्यंत मी कोळसा पाहिला तो प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये, लेबल लावलेला. त्यानंतरची पहिली नोकरी वर्धा खोऱ्यातल्या एका भूमिगत खाणीत लागली आणि कामाच्या यादीत एक ओळ होती: बंद पॅनेलच्या हवेचे नमुने घेणे. पॅनेल म्हणजे कोळसा काढण्यासाठी वेगळा आखलेला खाणीचा भाग. नवीन मुलं विचारतात, म्हणून त्या एका ओळीबद्दलच लिहितो. खाणीत आग आहे की नाही, हे बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसत नाही. ते हवेच्या नमुन्यावरून ओळखावं लागतं.

आधी आग लागते कशी ते बघू. काडी कुणी लावलेली नसते. गावाकडं पाऊस लागलेल्या कडब्याची गंजी रचली तर आत हात घालून बघा, चटका बसतो. गंजीत हे काम सुरुवातीला जंतू करतात, कोळशात थेट ऑक्सिजन करतो, पण अडचण दोन्हीकडे एकच: आत तयार होणारी उष्णता बाहेर पडत नाही. ताजा फुटलेला कोळसा हवा लागताच हळूहळू ऑक्सिडाइझ होतो आणि थोडी उष्णता सोडतो. वारा भरपूर असेल तर ती वाहून जाते. वारा अजिबात नसेल तर ऑक्सिजन संपतो आणि क्रिया थांबते. धोका मधल्या स्थितीत असतो, म्हणजे ऑक्सिजन पुरेल एवढी झिरपणारी हवा, पण थंड करायला न पुरणारी. तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढं गेलं की गाडी उताराला लागते.

खाणीत अशी जागा म्हणजे गोफ. कोळसा काढून झाल्यावर छत पाडून सोडलेला पोकळ भाग, ज्यात काढायचा राहिलेला चुरा आणि चिरडलेले पिलर, म्हणजे छत तोलायला सोडलेले कोळशाचे खांब, पडलेले असतात. म्हणून पॅनेल सुरू झाल्यापासून आग धरायला किती महिने लागतील याचा अंदाज धरतात, त्याला इन्क्युबेशन पीरियड म्हणतात. अनेक ठिकाणी तो सहा ते बारा महिन्यांचा असतो. पॅनेलचा आकारच असा आखायचा, की तेवढ्या काळात कोळसा काढून तोंडं विटा-सिमेंटच्या भिंतींनी बंद करता यावीत. या भिंतींना खाणीत स्टॉपिंग म्हणतात. स्टॉपिंगमधून एक नळी बाहेर काढलेली असते, तिला व्हॉल्व्ह. नमुना तिथून घ्यायचा, रबरी ब्लॅडरमध्ये, फुटबॉलच्या आत असतो तसल्या.

आता माझी चूक सांगतो.

एका बंद पॅनेलचा नमुना मी मागच्या आठवड्यात दुपारी तीनला घेतला होता. कार्बन मोनॉक्साईड 120 पीपीएम, ऑक्सिजन 15 टक्के, नायट्रोजन 82.6. या आठवड्यात सकाळी नऊला गेलो, कारण दुपारी कॅन्टीनमध्ये बरं जेवण होतं. निकाल आला: कार्बन मोनॉक्साईड 80, ऑक्सिजन 20.1, नायट्रोजन 79.3. मी वहीत लिहिलं, "सुधारणा". आमच्या ओव्हरमन काकांनी, म्हणजे पाळीवर देखरेख ठेवणाऱ्यांनी, वही बघितली आणि म्हणाले, "आकडा कमी झाला म्हून खुश नको होऊ, पुणेकर. हवा आत चालली होती का बाहेर, ते पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं. स्टॉपिंग कितीही चांगलं असलं तरी बंद पॅनेल श्वास घेतं. बाहेरचा वायुदाब वाढला की ताजी हवा भेगांतून आत जाते, दाब उतरला की आतली हवा बाहेर येते. आपल्याकडं वायुदाब रोज साधारण सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर असतो, दुपारी चार आणि पहाटे चारला खाली. म्हणजे सकाळी नऊला दाब चढता होता आणि मी पॅनेलच्या हवेऐवजी बरीचशी भिंतीबाहेरच्या गॅलरीतलीच, म्हणजे बोगद्यातलीच, हवा ब्लॅडरमध्ये भरली होती. नमुना दाब उतरत असताना घ्यावा. व्हॉल्व्ह उघडण्याआधी पाण्याच्या यू-नळीवर दाब कुठल्या बाजूला जास्त आहे ते बघा, किंवा नळीच्या तोंडाशी चिमूटभर खडूची पूड सोडून ती कुठं ओढली जाते ते पाहा. वहीत वेळ आणि दिशा लिहिलेली नसेल तर तो नमुना फेकून द्या.

पण काकांचा खरा मुद्दा पुढं होता. नुसता कार्बन मोनॉक्साईड मोजू नका, तो किती ऑक्सिजन खर्चून तयार झाला ते बघा. याला ग्रॅहॅम रेशो म्हणतात:

```
100 × CO ÷ (0.265 × N2 − O2)
```

सगळे आकडे टक्क्यांत. 0.265 का? तर साध्या हवेत ऑक्सिजनचं नायट्रोजनशी जवळपास तेवढं प्रमाण असतं. नमुन्यात जितका नायट्रोजन आहे, त्यावरून मुळात किती ऑक्सिजन असायला हवा होता ते काढायचं आणि उरलेला त्यातून वजा करायचा. थंड कोळसाही ऑक्सिजन खातो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साईड फार थोडा निघतो. कोळसा तापत जातो तसा त्याच खर्चात तो जास्त निघू लागतो.

मागच्या आठवड्याचा हिशोब असा: 82.6 ला 0.265 ने गुणलं तर 21.89, त्यातून 15 गेले, राहिले 6.89. 120 पीपीएम म्हणजे 0.012 टक्के. रेशो 0.17. याची काळजी नाही. या आठवड्याचा: 21.01 वजा 20.1, म्हणजे 0.91, आणि 0.008 टक्क्यांवरून रेशो 0.87. पाचपट! मी जिथं "सुधारणा" लिहिलं होतं तिथं कोळसा तापत होता. ढोबळ मानानं 0.5 पर्यंत नेहमीचं समजतात, 1 ओलांडला की तापणं नक्की, 3 च्या आसपास आग पेटलेली धरतात. पण प्रत्येक खाणीचा स्वतःचा नेहमीचा आकडा असतो, आणि उडी बघायची ती त्या आकड्यावरून.

त्याच दिवशी दुपारी तीनला पुन्हा नमुना घेतला. ऑक्सिजन 16.4, नायट्रोजन 81.6, कार्बन मोनॉक्साईड 470 पीपीएम. रेशो 0.90. सकाळी 80 आणि दुपारी 470, पण रेशो जवळजवळ तोच, कारण ताजी हवा मिसळली तरी वरचा आणि खालचा आकडा सारख्याच प्रमाणात पातळ होतो. ही या सूत्राची ताकद. मर्यादाही सांगतो. खालचा आकडा फार लहान झाला, समजा 0.2, तर ऑक्सिजनच्या मोजणीतली 0.1 ची चूकसुद्धा उत्तर पार उलटं करू शकते. आणि आग दाबायला पॅनेलमध्ये बाहेरून नायट्रोजन सोडला असेल, तर हे सूत्र वापरूच नका. ते सगळा नायट्रोजन हवेतूनच आला असं धरतं, मग खालचा आकडा फुगतो आणि रेशो खोटा कमी दिसतो.

अशा वेळी दुसरे वायू बघतात. शंभर अंशांच्या पुढं कोळसा इथिलीन सोडू लागतो, हायड्रोजनही वाढतो, आणि अॅसिटिलीन दिसलं तर तापमान फारच वर गेलेलं असतं. गंधक असलेल्या कोळशातून सल्फर डायऑक्साईड येतो, त्याचा वास नाकाला झोंबतो. कार्बन मोनॉक्साईडला मात्र रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. कामाच्या जागी त्याची मर्यादा 50 पीपीएम. कमरेच्या फिल्टर सेल्फ-रेस्क्यूअरचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साईडपासून वाचवणाऱ्या तोंडात धरायच्या फिल्टरचा, श्वास गरम लागू लागला तर घाबरून तोंडातून काढू नका, तो काम करतोय म्हणूनच गरम आहे. आणि हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर तो फिल्टर काहीही करू शकत नाही.

मग भिंत घातली, हवा तोडली, तरी आग वर्षानुवर्षं का राहते? ज्वाला ऑक्सिजन बारा-पंधरा टक्क्यांच्या खाली गेला की विझते. धुमसणं दोन-तीन टक्क्यांवरही चालतं. फुरसुंगीच्या कचरा डेपोला आग लागली की वरून टँकर ओतले तरी दिवसचे दिवस धूर निघत राहतो, हे आपण पाहिलंय. खाणीत तर वर खडकाची गोधडी असते. दगडातून उष्णता इतकी सावकाश जाते की 10 मीटर जाडी पार करायला तिला साधारण तीन वर्षं लागतात, आणि जाडी दुप्पट झाली तर काळ चौपट. म्हणजे ऑक्सिजन तोडून ज्वलन थांबवता येतं, पण कोळसा गरमच राहतो. वर्षभरानं भिंत फोडली की हवा लागते आणि तो पुन्हा पेट घेतो. त्यातच आग जसजशी कोळसा खाते तसा वरचा खडक खचतो, भेगा जमिनीपर्यंत जातात. गरम वायू एका भेगेतून वर आणि ताजी हवा दुसरीतून आत, चुलीच्या धुराड्यासारखं. झारखंडात झरियाची आग 1916 पासून नोंदलेली आहे, आणि तिथं उथळ थरांमधल्या जुन्या गॅलऱ्या आणि खचलेली जमीन हीच हवेची वाट आहे. ऑस्ट्रेलियात विंगेनचा डोंगर तर माणसाच्या कुठल्याही खाणीशिवाय अंदाजे सहा हजार वर्षं जळतोय, वर्षाला साधारण एक मीटर सरकत.

पाणी ओतू, असं प्रत्येक नवीन मुलगा म्हणतो. मीही म्हणालो होतो. लालभडक कोळशावर पाणी पडलं की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतात, दोन्ही स्फोटक.

आमच्या पॅनेलची चूक स्टॉपिंगमध्ये नव्हती, शेजारच्या पिलरमध्ये होती. भिंत ठणठणीत, पण जिच्यात ती रोवली होती ती कोळशाची बाजू दाबानं चिरली होती, आणि खडूची पूड त्या चिरेत सरळ ओढली जात होती. बाजू खणून नवी भिंत खोलवर रोवली, जुन्या-नव्या भिंतींमध्ये वाळू भरली, चुन्याचा लेप दिला, आणि पंख्याची हवा अशी वळवली की भिंतीच्या दोन्ही बाजूंचा दाब शक्य तितका सारखा राहावा. रेशो लगेच उतरला नाही. तीन आठवडे 0.8 च्या वरच होता, मग सावकाश खाली येऊ लागला. मी नोकरी सोडून पुण्याला परतलो तेव्हा तो 0.3 वर होता. मॅनेजर साहेबांनी भिंत तशीच बंद ठेवली होती, आणि दर मंगळवारी दुपारी तीनला कुणीतरी तिथं ब्लॅडर घेऊन जात होतं.