उलट अनुवादाला न दिसणाऱ्या चुका

भाषांतराच्या क्षेत्रात मी नवीन होते तेव्हा माझ्याकडे आलेले पहिले मोठे काम भाषांतराचे नव्हते. यंत्राने केलेले भाषांतर तपासण्याचे होते. गर्भवती स्त्रियांमधील रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या कशा द्याव्यात, याविषयीच्या एका वैद्यकीय चाचणीचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र माझ्यापुढे होते. सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत माहिती दिल्याशिवाय तिची संमती घेता येत नाही. म्हणून अशा कागदांची भाषांतरे नैतिकता समितीसमोर जातात, आणि अनेक समित्या त्यासोबत बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे मराठीवरून पुन्हा केलेले इंग्रजी, मागून घेतात. या वेळी मराठी मजकूर यंत्राकडून करून घेतला होता आणि त्याचा उलट अनुवादही त्याच यंत्राने केला होता. मला तीन रकान्यांचा तक्ता मिळाला: मूळ इंग्रजी, मराठी आणि परत आलेले इंग्रजी. पहिला आणि तिसरा रकाना जवळजवळ शब्दाला शब्द जुळत होते. पाऊण तासात मी ‘योग्य’ असा शेरा लिहून फाइल पाठवून दिली. मधला रकाना मी खऱ्या अर्थाने वाचलाच नव्हता, हे दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ सहकारी बाईंनी केलेल्या खुणांसह फाइल परत आली तेव्हा कळले.

पहिली खूण गोळीच्या मात्रेवर होती. मूळ इंग्रजीत गोळी ‘एव्हरी अदर डे’ घ्यावी असे होते, म्हणजे एक दिवसाआड. यंत्राने लिहिले होते, ‘प्रत्येक इतर दिवशी एक गोळी घ्या.’ मराठी माणसाला या वाक्यातून काहीच बोध होत नाही; झालाच तर ‘बाकीच्या सगळ्या दिवशी घ्या’ असा होतो, आणि तो नेमका उलटा आहे. परंतु ‘प्रत्येक’चे ‘एव्हरी’, ‘इतर’चे ‘अदर’ आणि ‘दिवशी’चे ‘डे’ होऊन तिसऱ्या रकान्यात मूळ वाक्य जसेच्या तसे उतरले होते. त्याखालच्या परिच्छेदात लोहाच्या गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळसर होऊ शकतो, अशी सूचना होती. तेथे यंत्राने ‘तुमचे स्टूल काळे होऊ शकते’ असे लिहिले होते. डॉक्टरांच्या आणि प्रयोगशाळेच्या बोलण्यात ‘स्टूल’ चालते हे खरे. पण गावातल्या बाईच्या घरात स्टूल म्हणजे माळ्यावरचा डबा काढायला ज्यावर चढतात ते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की परत जाताना तो पुन्हा तोच इंग्रजी शब्द होतो, त्यामुळे अशा जागी उलट अनुवाद काही म्हणजे काहीच सांगू शकत नाही. ‘सब्जेक्ट’चा ‘विषय’ झाला होता, आणि ‘विषय कधीही माघार घेऊ शकतो’ हे वाक्य परतीच्या इंग्रजीत अगदी निर्दोष दिसत होते. एका ठिकाणी ‘ट्रायल’चा ‘खटला’ही झाला होता.

या चुका निदान मराठी वाचताक्षणी खटकतात. खरी काळजी वाटावी अशा दोन चुका मराठीतही साफ, सुबक दिसत होत्या. संमतीपत्राच्या शेवटी ‘मी या चाचणीत सहभागी होण्यास संमती देतो’ असे होते. सही करणारी प्रत्येक व्यक्ती गर्भवती स्त्री आणि वाक्य पुरुषाचे! इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे ‘देतो’ असो की ‘देते’, परत येणारे वाक्य एकच. दुसरे वाक्य याहून गंभीर होते. मूळ मजकुरात असे होते की दुष्परिणाम आढळल्यास सहभाग पुढे चालू ठेवायचा की नाही हे संशोधक ठरवतील, आणि संशोधकांसाठी तेथे ‘वी’ हे सर्वनाम होते. यंत्राने त्याचे ‘आपण ठरवू’ केले होते. मराठीत ‘आम्ही ठरवू’ म्हटले की ऐकणारा त्या निर्णयातून बाहेर असतो, आणि ‘आपण ठरवू’ म्हटले की तो आत येतो. म्हणजे ज्या बाईला या निर्णयात अधिकार नव्हता, तिला मराठी पत्रकाने तो दिला होता. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे तिसरा रकाना पुन्हा निष्कलंक राहिला.

हे नुसत्या यंत्राच्या अडाणीपणाने होते असे मी तेव्हा समजत होते. पुढे कळले की ही त्रुटी उलट अनुवादाच्या पद्धतीतच आहे आणि ती यंत्रांच्या आधीपासून माहीत आहे. एका द्विभाषिक व्यक्तीने भाषांतर करायचे आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या द्विभाषिक व्यक्तीने ते परत मूळ भाषेत आणायचे, ही रीत मांडणाऱ्या रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखातच तिच्या मर्यादा दिल्या आहेत. दोन्ही अनुवादकांचे शब्दांविषयीचे ठोकताळे सारखे असू शकतात, परतीचा अनुवादक वाईट लिहिलेल्या मजकुरातूनही अर्थ लावून घेऊ शकतो, आणि पहिल्या अनुवादकाने मूळ भाषेची वाक्यरचना तशीच ठेवली तर परतीचा प्रवास सोपा होतो, पण एकच भाषा जाणणाऱ्या वाचकाला तो मजकूर निरुपयोगी ठरतो. आमच्या फाइलमध्ये हे तिन्ही धोके एकत्र आले होते.

यंत्राच्या बाबतीत दुसरा धोका आणखी वाढतो, आणि त्याचे कारण नवख्या तपासनिसाने समजून घेण्यासारखे आहे. मराठीवरून इंग्रजी करणारे यंत्र शिकवायला मराठी-इंग्रजी वाक्यांच्या जोड्या लागतात, आणि माणसांनी केलेल्या अशा जोड्या कमी पडतात. म्हणून चांगली इंग्रजी वाक्ये घेऊन त्यांचे यंत्राकडूनच मराठी करून घेतात, आणि त्या यंत्री मराठीसमोर मूळचे चांगले इंग्रजी ठेवून ती जोडी शिकवणीत मिसळतात. या तंत्रालाही बॅक ट्रान्सलेशनच म्हणतात. २०१६ पासून ते रूढ झाले आणि भारतीय भाषांसाठी २०२३ मध्ये खुल्या झालेल्या इंडिकट्रान्स२ या प्रणालीच्या घडणीतही ते वापरले आहे. याचा अर्थ असा की मोडक्या, इंग्रजी वळणाच्या मराठीवरून स्वच्छ इंग्रजी कसे करायचे, याचाच सराव परतीच्या यंत्राला झालेला असतो. ‘तुम्ही हे औषध घ्यावे नाही’ या वाक्यावरून ते बिनदिक्कत ‘हे औषध घेऊ नका’ या अर्थाचे नीटस इंग्रजी देईल. तपासणीसाठी नेमलेलाच चूक दुरुस्त करून देतो आणि आपल्याला ती होती याचा पत्ताही लागत नाही. परतीसाठी वेगळ्या कंपनीचे यंत्र वापरल्यास शब्दांच्या समान ठोकताळ्यांचा धोका थोडा कमी होतो, पण ही दुरुस्तीची खोड तशीच राहते.

म्हणून आता मी तक्ता मिळाला की पहिला आणि तिसरा रकाना लपवते आणि फक्त मराठी मोठ्याने वाचते. ज्या वाक्याशी जीभ अडखळते त्यावर खूण करते आणि ते वाक्य ऐकून नेमके काय करायचे, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येते का ते पाहते. ‘प्रत्येक इतर दिवशी’ या परीक्षेत तत्काळ नापास झाले असते. सोमवारी गोळी घेतली तर पुढची कधी, या प्रश्नाला त्या वाक्याकडे उत्तरच नाही. ‘एक दिवसाआड’कडे बुधवार हे उत्तर आहे. त्यानंतर सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे यांवरून स्वतंत्रपणे एक फेरी मारते. तू, तुम्ही आणि आपण यांची सरमिसळ झाली आहे का, ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ आले आहे का, बोलणारी व्यक्ती स्त्री असताना ‘इच्छितो’, ‘देतो’ अशी रूपे आली आहेत का, एवढेच या फेरीत बघायचे. यंत्र बहुतेक वेळा वाक्यागणिक काम करते, त्यामुळे एका वाक्यात ‘तुम्ही’ आणि पुढच्या वाक्यात ‘तुझी’ सहज येऊन जाते.

एखाद्या मुद्द्यावर उलट अनुवादाचा भरवसा धरावा की नाही, याविषयी शंका आली तर एक सोपी चाचणी आहे. मराठी वाक्यात मुद्दाम चूक घालायची आणि ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. ‘आम्ही’चे ‘आपण’ करा, ‘देते’चे ‘देतो’ करा. परत येणारे इंग्रजी बदलले नाही तर त्या बाबतीत उलट अनुवाद आंधळा आहे आणि त्याची साक्ष काढण्यात अर्थ नाही. ‘५ मिलि रक्त’चे ‘५० मिलि’ करा, किंवा ‘घ्या’चे ‘घेऊ नका’ करा. इंग्रजी लगेच बदलेल. गळालेले वाक्य, बदललेला आकडा, हरवलेला नकार आणि लाख-दशलक्ष यांचा घोटाळा या गोष्टी उलट अनुवाद चांगल्या पकडतो, विशेषतः फाइल लांब असेल आणि डोळे थकलेले असतील तेव्हा. मी तो एवढ्यासाठीच वापरते, आणि तेही मराठी वाचून झाल्यानंतर.

याची दुसरी बाजू अशी की चांगले मराठी परत येताना बरेचदा वाकडे दिसते. त्या पत्रकात ताप आल्यास दुर्लक्ष करू नये, अशी सूचना होती. तिचे मी ‘ताप अंगावर काढू नका’ असे केले. परतीच्या इंग्रजीत अंगावरून काहीतरी काढून टाकण्याची भाषा आली आणि ग्राहकाकडून ताबडतोब विचारणा झाली. ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ या शब्दांवरही तीच आपत्ती ओढवली: रक्ताचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या असा दावा मूळ मजकुरात कुठे आहे, असे विचारले गेले. अशा वेळी तिसरा रकाना गोड दिसावा म्हणून दुसरा बिघडवण्याचा मोह होतो, आणि नवखे लोक त्याला बळी पडतात. मीही सुरुवातीला पडले आहे. त्याऐवजी मी तक्त्यात चौथा रकाना जोडते आणि त्यात इंग्रजीतून खुलासा लिहिते. तापाच्या वाक्यासमोर मी लिहिले की हा रूढ वाक्प्रचार असून उपचार न घेता आजार सहन करत राहणे असा त्याचा अर्थ आहे. ग्राहकाने तो मान्य केला. गोळ्यांच्या बाबतीत मात्र त्यांची हरकत अगदीच गैर नव्हती, कारण चाचणीत नेमके कोणते औषध आहे हे कागदावर स्पष्ट असायला हवे. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘लोहाच्या गोळ्या, ज्यांना रक्तवाढीच्या गोळ्या असेही म्हणतात’ असे लिहिले, आणि पुढे सगळीकडे ‘लोहाच्या गोळ्या’ ठेवले.