मृत समुद्रात तरंगायचं कसं, आणि माणूस तिथे बुडत का नाही

इस्राएल आणि जॉर्डनच्या मधला मृत समुद्र म्हणजे खरं तर एक तलाव. जॉर्डन नदी त्यात येऊन मिळते, पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आता त्या पाण्याच्या वजनात जवळपास एक तृतीयांश क्षारच आहेत, म्हणून तिथलं एक लिटर पाणी सुमारे १.२४ किलो भरतं. नळाचं भरतं एक किलो.

समजा, तुमचं वजन ६० किलो आहे. छाती भरून श्वास घेतला की शरीराचं आकारमान साधारण ६१ लिटर होतं. तरंगायचं तर आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारावं लागतं. विहिरीत त्यासाठी ६० लिटर शरीर पाण्याखाली जातं आणि वर उरतं जेमतेम एक लिटर. एवढ्यात डोकंसुद्धा मावत नाही, म्हणून हातपाय मारावे लागतात. मृत समुद्रात ४८ लिटरमध्येच काम भागतं. तब्बल १३ लिटर शरीर आपोआप पाण्याबाहेर राहतं.

हीच गोष्ट अंगाशीही येऊ शकते, कारण पाय वर उसळतात आणि उभं राहणं अवघड होतं. म्हणून सूर मारायचा नाही, पळत शिरायचं नाही. तळाशी मिठाचे धारदार खडे असतात, तेव्हा पायात चप्पल हवीच. पाणी मांडीपर्यंत आलं की किनाऱ्याकडे तोंड करा, गुडघे वाकवा आणि खुर्चीत बसल्यासारखे मागे टेका. पाय स्वतःहून वर येतील. मग हात पसरून नुसतं पडून राहा.

पोटावर पोहायला मात्र जाऊ नका. पोहता येणारेच हा हट्ट जास्त करतात! पाय आणि कंबर वर उचलली जाते आणि तोंड पाण्यात जातं. चुकून पालथे झालात तर मान उचलायची धडपड न करता एका कुशीवर वळून उताणे व्हा. या पाण्यात मॅग्नेशियम फार आहे. ते पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे बराच घोट गेला असेल तर लगेच जीवरक्षकाला सांगा. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर उतरूच नका.

उठताना उथळ पाण्यात या, गुडघे छातीशी घ्या, हातांनी पाणी मागे रेटा आणि कुल्ले खाली गेले की पाय टेकवा.

त्या दिवशी दाढी केली असेल किंवा कुठे खरचटलं असेल तर सणसणून झोंबेल. ओल्या हाताने डोळे चोळू नका. किनाऱ्यावर गोड्या पाण्याची बाटली तयार ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या आणि लगेच शॉवर घ्या, नाहीतर ते तेलकट पाणी अंगावरच वाळून त्वचा चुरचुरत राहते.