एक्सेलमध्ये खाते क्रमांकाची शून्ये का गळतात आणि E+15 कुठून येते

हिशेब विभागातील माझ्या पहिल्याच नोकरीत, रुजू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यात, ४३ तासिका शिक्षकांचे मानधन बँकेतून एकत्रित पाठवण्याची यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. नावे, खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम असलेली एक सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, आस्थापना विभागाने दिली होती. मी तिच्यावर डबल-क्लिक केले आणि ती एक्सेलमध्ये उघडली. खाते क्रमांकांच्या रकान्यात अनेक ठिकाणी `1.23457E+15` अशा धर्तीचे काहीतरी दिसत होते. रकाना रुंद केला तरी फरक पडला नाही, म्हणून मी फॉरमॅट बदलून `Number` केला आणि दशांश स्थळे शून्य केली. लगेच सर्व क्रमांक पूर्ण, स्वच्छ दिसू लागले. मी फाइल जतन करून बँकेकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक ओळी परत आल्या. आमच्या विभागातील ज्येष्ठ लेखापाल मॅडमनी माझ्या शेजारी उभे राहून रकान्यावरून एकदाच नजर फिरवली आणि विचारले, "या सोळा अंकी खात्यांचा शेवटचा अंक बघ. सगळ्यांचा शून्य कसा?" मी पाहिले. खरोखरच एकही अपवाद नव्हता. त्यांतील ज्यांच्या खात्याचा शेवटचा अंक मुळातच शून्य होता, तेवढ्यांचेच मानधन जमा झाले होते. हिशेब, आस्थापना किंवा विद्यार्थी विभागात जे नव्याने काम सुरू करत आहेत, त्यांच्यासाठी त्या दिवसानंतर मी जे शिकलो ते येथे सविस्तर लिहीत आहे.

एक्सेलच्या नव्या पानावरील प्रत्येक चौकटीचा फॉरमॅट `General` असतो. याचा अर्थ असा, की चौकटीत काहीही टाकले तरी ते संख्या आहे का, तारीख आहे का, हे एक्सेल आधी तपासते आणि तसे वाटले की त्याचे रूपांतर करूनच साठवते. `00123456789` हा अकरा अंकी खाते क्रमांक टाकला की त्याला ती संख्या वाटते. संख्या म्हणून पाहिले तर पुढच्या दोन शून्यांना काहीच मोल नाही, ०७ आणि ७ यांचे मूल्य एकच. त्यामुळे `123456789` एवढेच साठवले जाते. शून्ये लपवलेली नसतात, ती साठवलीच जात नाहीत.

लांब क्रमांकांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि नवखा माणूस त्या एकच समजतो. मीही तसेच समजलो होतो. पहिली गोष्ट केवळ दिसण्यापुरती आहे. `General` फॉरमॅटमध्ये अकरा अंकांपर्यंतची पूर्ण संख्या दिसते, बारा किंवा अधिक अंक झाले की ती `1.23457E+11`, म्हणजे १.२३४५७ गुणिले दहाचा अकरावा घात, अशा घातांकी रूपात दाखवली जाते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन बारा अंकी असतो, आधार क्रमांकही बारा अंकी असतो, त्यामुळे हे दोन्ही नेहमी असे दिसतात. पण आत सर्व बारा अंक शाबूत असतात आणि फॉरमॅट बदलला की परत दिसतात.

दुसरी गोष्ट मात्र साठवणुकीतली आहे. एक्सेल प्रत्येक संख्या आठ बाइटांच्या द्विमान रूपात साठवते आणि त्यात पंधरापर्यंतच सार्थ अंक ठेवते. सोळावा आणि त्यापुढचा प्रत्येक अंक शून्य होतो. उदाहरणादाखल `1234567890123456` हा काल्पनिक सोळा अंकी क्रमांक घेऊ. चौकटीत `1.23457E+15` दिसेल, आणि माझ्याप्रमाणे फॉरमॅट `Number` केला की `1234567890123450` दिसेल. शेवटचा ६ गेलेला आहे आणि तो त्या फाइलमध्ये कुठेही उरलेला नाही. कोणतेही सूत्र, कोणताही फॉरमॅट तो परत आणू शकत नाही. क्रमांक पूर्ण दिसल्यामुळेच मी निर्धास्त झालो होतो. घातांकी रूप तसेच राहिले असते, तर निदान ते कोणाच्या तरी नजरेत आले असते.

सीएसव्ही फाइलच्या बाबतीत बारा अंकी क्रमांकही सुरक्षित राहत नाहीत, ही बाब मला फार उशिरा समजली. एक्सेल जेव्हा सीएसव्ही म्हणून जतन करते, तेव्हा चौकटीत जे दिसते तेच लिहिते. म्हणजे यूएएनच्या रकान्यात `1.23457E+11` दिसत असताना फाइल जतन केली, तर फाइलमध्ये अक्षरशः `1.23457E+11` हाच मजकूर जातो आणि मागचे अंक कायमचे नाहीसे होतात. केवळ पाहण्यासाठी उघडलेली सीएसव्ही बंद करताना एक्सेल अनेकदा जतन करायचे का असे विचारते आणि आपण सवयीने होकार देतो. मूळ फाइल बिघडते ती त्या क्षणी.

उपायाचे सूत्र एवढेच, की रूपांतर होण्याआधी रकाना `Text` असला पाहिजे. स्वतः यादी टाइप करायची असेल तर आधी पूर्ण रकाना निवडून, `Home` टॅबवरील फॉरमॅटच्या यादीतून `Text` निवडावे आणि मगच क्रमांक टाकावेत. क्रम उलटा झाला तर उपयोग होत नाही. आधीच संख्या झालेल्या रकान्याला नंतर `Text` फॉरमॅट दिला, तर गळालेली शून्ये किंवा सोळावा अंक परत येत नाही. एखाद-दुसराच क्रमांक असेल तर त्याच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाकणे पुरते, जसे `'00123456789`. ते चिन्ह चौकटीत दिसत नाही. दुसरीकडून क्रमांक चिकटवताना रकाना `Text` करून ठेवावा आणि `Match Destination Formatting` हा पर्याय वापरावा, नाहीतर स्रोताचा फॉरमॅट सोबत येऊन आपली तयारी वाया जाते.

मजकूर म्हणून ठेवलेल्या क्रमांकांच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि त्यावर क्लिक केल्यास `Convert to Number` असा पर्याय येतो. नवीन सहकाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, की खाते क्रमांकाच्या रकान्यात हा त्रिकोण असणे ही सर्व काही ठीक असल्याची खूण आहे. तो पर्याय निवडला की सोळावा अंक आणि पुढची शून्ये एका क्लिकमध्ये जातात. त्रिकोण डोळ्यांना खुपत असेल तर `Ignore Error` निवडावे.

सीएसव्हीवर मी आता कधीही डबल-क्लिक करत नाही. आधी एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडतो, `Data` टॅबवरील `From Text/CSV` मधून ती सीएसव्ही निवडतो आणि समोर येणाऱ्या खिडकीत `Data Type Detection` या ठिकाणी `Do not detect data types` निवडतो. यामुळे सर्व रकाने मजकूर म्हणून येतात. मात्र एक अडचण येथे हमखास येते. सगळेच मजकूर असल्याने शीर्षकांची ओळ साध्या ओळीसारखी आत येते आणि वर `Column1`, `Column2` अशी नावे दिसतात. म्हणून `Transform Data` वर जाऊन `Use First Row as Headers` निवडावे लागते, आणि ते निवडताच पॉवर क्वेरी, म्हणजे माहिती आत आणणारे एक्सेलमधलेच साधन, बहुधा स्वतःहून `Changed Type` नावाची एक पायरी जोडते. या पायरीत खाते क्रमांक पुन्हा संख्या होतो. उजवीकडील `Applied Steps` च्या यादीत ती पायरी शोधून तिच्यापुढील फुलीवर क्लिक करून ती काढून टाकावी, रकमेच्या रकान्याला तेवढा संख्येचा प्रकार द्यावा आणि मग `Close & Load` करावे. पहिल्यांदा मला ही पायरी दिसली नव्हती आणि एवढे सारे करूनही शून्ये का गेली, हे शोधण्यात माझी पूर्ण दुपार गेली.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडील आवृत्त्यांत `File`, `Options`, `Data` येथे `Automatic Data Conversion` असा भाग आहे. तेथे पुढची शून्ये काढणे आणि लांब संख्यांचे पंधरा अंक ठेवणे ही दोन्ही रूपांतरे बंद करता येतात. ती मी बंद ठेवली आहेत. परंतु ही व्यवस्था त्या संगणकापुरतीच असते. फाइल ज्याच्याकडे जाईल, त्याच्या एक्सेलमध्ये ती चालू असू शकते, म्हणून तिच्यावर पूर्ण विसंबू नये.

बिघडलेली फाइल हाती आली तर काय वाचवता येते, तेही पाहू. पुढची शून्ये गेली असतील आणि क्रमांकाची लांबी ठरलेली असेल, तर ती परत आणता येतात. अकरा अंकी क्रमांकासाठी शेजारच्या रिकाम्या रकान्यात पुढील सूत्र लिहावे.

```
=TEXT(B2,"00000000000")
```

यातून `123456789` चे पुन्हा `00123456789` होते आणि तेही मजकूर म्हणून. लांबी ठरलेली नसेल तर मात्र अंदाजाने शून्ये लावू नयेत, आणि सोळावा अंक गेलेला असेल तर मूळ फाइल पुन्हा मागवण्यावाचून इलाज नाही. मूळ फाइलही शंकास्पद वाटली तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. नोटपॅड काहीच रूपांतर करत नाही, फाइलमध्ये जे आहे तेच दाखवते.

यादी पाठवण्याआधी मी रिकाम्या चौकटीत हे सूत्र टाकतो. ते फक्त संख्या असलेल्या चौकटी मोजते, त्यामुळे खाते क्रमांकांच्या रकान्यासाठी उत्तर शून्यच यायला हवे.

```
=COUNT(B2:B44)
```

उत्तर शून्याहून अधिक आले तर तितके क्रमांक संख्या झालेले आहेत. बिघडल्यानंतर मजकूर केलेला क्रमांक या सूत्राला सापडत नाही, म्हणून त्यासोबत दहा-बारा क्रमांक मूळ कागदाशी शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहतो. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरूनच जमा होते, त्यामुळे एका अंकाची चूक परत येईलच असे धरून चालता येत नाही.

रकाना पूर्णपणे मजकूर असतानाही एक फसगत उरते. एकच खाते दोनदा आले आहे का, हे पाहण्यासाठी बहुतेक जण `COUNTIF` वापरतात, पण अंकांसारखा दिसणारा मजकूर ते सूत्र संख्या म्हणूनच तपासते. पहिले पंधरा अंक समान आणि फक्त सोळावा वेगळा असलेली दोन खाती, जी एकाच शाखेत पाठोपाठ उघडलेल्या खात्यांच्या बाबतीत सहज आढळू शकतात, त्याला एकच वाटतात आणि उत्तर २ येते. एकदा मी अशाच उत्तरावर विश्वास ठेवून एका शिक्षिकेचे नाव पुनरावृत्ती समजून वगळणार होतो. नावे वेगळी दिसली म्हणून थांबलो. त्याऐवजी मजकुराशी मजकूर जसाच्या तसा ताडणारे हे सूत्र वापरावे.

```
=SUMPRODUCT(--($B$2:$B$44=B2))
```

त्या दोन शिक्षिकांच्या ओळींपुढे या सूत्राने १ आणि १ असे उत्तर दिले आणि दोघींचेही मानधन त्याच दिवशी गेले.