हिमोग्लोबिन कमी आलं? लोहाची गोळी घेण्याआधी आणखी दोन आकडे बघा

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन होते. आता घरी असते, तरी लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या घरांतून रिपोर्टांचे फोटो येतच राहतात. सोबत प्रश्न एकच: "काकू, रक्त कमी आलंय, काय खाऊ?" आधी रिपोर्ट नीट वाचा. बीट आणि डाळिंब कुठे पळून जात नाहीत.

सगळ्यात आधी ही ओळ हिमोग्लोबिनचीच आहे ना, ते बघा. हिमोग्लोबिन ए-वन-सी ही साखरेची तपासणी आहे. "माझं हिमोग्लोबिन साडेआठ" म्हणत घाबरून आलेल्या एका आजोबांचा खरा त्रास मधुमेह होता.

आता आकडा. 10.6 म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 10.6 ग्रॅम हिमोग्लोबिन. लाल पेशींमध्ये असलेलं आणि प्राणवायू वाहून नेणारं हे प्रथिन आहे. "रक्त कमी आहे" असं आपण म्हणतो, पण अंगातलं रक्त सहसा तेवढंच असतं, त्यातला हा ऐवज कमी झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने पुरुषांत 13, बायकांत 12 आणि गरोदरपणात साधारण 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणायचं. आकडा 7 च्या आसपास किंवा त्याखाली असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर पुढचं काही वाचू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

इथवर सोपं आहे. ॲनिमिया हे आजाराचं नाव नाही, ते तापासारखं लक्षण आहे. तो कशामुळे झाला हे त्याच कागदावर चार ओळी खाली बरंचसं लिहिलेलं असतं, आणि तिथपर्यंत कोणी जात नाही. मीही अर्ध्यावरच थांबत होते.

ती ओळ एमसीव्हीची, म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. साधारण 80 ते 100 ठीक. 100 च्या वर असेल तर पेशी फुगलेल्या आहेत. अशा वेळी बी-12 आणि फोलेट तपासतात, आणि शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता बरीच दिसते. 80 च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, आणि बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं. "बहुतेक वेळा" या दोन शब्दांत मी फसले.

माझ्या नणंदेची मुलगी तेव्हा चोवीस वर्षांची होती. हिमोग्लोबिन 10.6, एमसीव्ही 61. मी छातीठोकपणे सांगितलं, लोह कमी आहे, गोळ्या सुरू कर. तिने त्या चार महिने घेतल्या, पोट बिघडलं, बद्धकोष्ठ झाला, आणि हिमोग्लोबिन आलं 10.7. मी म्हटलं, नीट घेत नसशील. आज त्या बोलण्याची लाज वाटते. पोरगी एकही गोळी चुकली नव्हती.

मी न पाहिलेला आकडा होता आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या. तो 5.6 होता, दशलक्षांमध्ये. बायकांत साधारण 3.8 ते 4.8 असतो. आता विचार करा: हिमोग्लोबिन कमी, पण पेशी नेहमीपेक्षा जास्त. लोहच नसेल तर शरीर एवढ्या पेशी कशाच्या जोरावर बनवेल? लोह कमी असताना सहसा पेशी लहान होतात आणि संख्याही घटते किंवा जेमतेम राहते. पेशी लहान आणि संख्येने भरपूर, हे चित्र थॅलेसेमिया मायनरचं असतं. हा जन्मजात गुणधर्म आहे, हिमोग्लोबिनची एक साखळी कमी बनते. माणूस सहसा धडधाकट असतो, फक्त रिपोर्ट कायम खालचा येतो.

म्हणून एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागा. उत्तर 13 पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्या, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेकडे कल. भाचीचं 61 भागिले 5.6, म्हणजे 10.9. त्याच सुमारास शेजारच्या वहिनींचा रिपोर्ट आला होता: हिमोग्लोबिन 8.9, एमसीव्ही 72, आरबीसी 4.05. भागाकार 17.8. हिमोग्लोबिन वहिनींचं जास्त खाली, पण गोळ्यांनी सुधारणार होतं ते त्यांचंच. पाळीत फार रक्त जात होतं. लोहाच्या गोळ्या आणि पाळीवर इलाज सुरू झाल्यावर महिन्याभरात 10.8 वर आलं.

हा भागाकार म्हणजे निदान नव्हे. कोणाला लोहही कमी असतं आणि मायनरही असतो, तेव्हा उत्तर अधेमधे लटकतं. गरोदरपणात तर त्यावर विसंबूच नका. खात्री करायला दोन तपासण्या लागतात. पहिली फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ते 15 च्या खाली असेल तर साठा संपलाच समजा. पण ताप, जंतुसंसर्ग किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटंच वर जातं, म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवर निश्चिंत होऊ नका. दुसरी एचपीएलसी, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी. तिच्यात ए-टू हा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर आला की सहसा थॅलेसेमिया मायनर. क्रम मात्र पाळा: लोह फार कमी असताना ए-टूसुद्धा खाली ओढलं जातं आणि मायनर लपून राहू शकतो. आधी लोह भरून काढा, मग एचपीएलसी करा. आणि कोणाला रक्त चढवायचं ठरलं असेल, तर नमुना त्याआधी काढायला सांगा. नंतर दात्याचं रक्त मिसळलेलं असतं.

भाचीचं फेरिटिन 64 आणि ए-टू 5.2 निघालं. नणंद म्हणाली, "हे सिंध्यांमध्ये असतं ना, आपल्यात कुठून?" सिंधी समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण मराठी घरांतही मायनर सापडतो. तो आई किंवा वडिलांकडून येतो, म्हणून मी नणंदेचीच तपासणी करायला लावली. तिचं ए-टू 5.0.

मायनर असलेल्यांना लोहाची बंदी नाही. फेरिटिन कमी असेल तर गोळ्या घ्या, नसेल तर नको.

गोळी घ्यायचीच असेल तर चहासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. इंदूरात सकाळचे पोहे-चहा सुटणार नाहीत, तेव्हा वेळ बदला. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नका. पण गोळ्या न घेता काळं होत असेल तर ते आतड्यातलं रक्त असू शकतं. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर नुसत्या गोळ्यांवर थांबणारा सल्ला ऐकू नका, रक्त कुठून जातंय ते डॉक्टरांना शोधायला लावा. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरायला गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात. बरं वाटलं की सोडतात, आणि सहा महिन्यांनी तोच रिपोर्ट घेऊन येतात.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाची एचपीएलसी करायची, हे मी साखरपुड्याआधी सांगितलं. घरात दोन दिवस अबोला होता. पण दोघंही मायनर असते, तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरचं मूल होण्याची शक्यता 25 टक्के, आणि त्या मुलाला सहसा आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. होणाऱ्या नवऱ्याचं ए-टू 2.6 निघालं. आता ती वडोदऱ्याला असते, आणि एचपीएलसीच्या रिपोर्टाची प्रत पर्समध्ये आधार कार्डासोबत ठेवते. नवा डॉक्टर लोहाचं इंजेक्शन लिहायला लागला की आधी तो कागद पुढे करते, मग फेरिटिन करायला सांगते.